संकष्टीला नेमक्या कोणत्या गोळ्या सोडायच्या?

«नमस्कार डॉक्टर. मी म्युनिकला असते, आई-बाबा कोथरूडला दोघंच. बाबा 71 वर्षांचे, तुमचे पेशंट. गेल्या ऑक्टोबरात ॲटॅक आला तेव्हा तुम्हीच स्टेंट घातलात. ते संकष्टी आणि दोन्ही एकादश्या धरतात. उपासाला "रिकाम्या पोटी रक्त पातळ करायच्या गोळ्या नकोत" म्हणून त्या सोडतात. शुगरची गोळी मात्र "साबुदाण्याने शुगर वाढते" म्हणून आठवणीने घेतात. गेल्या संकष्टीला संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं तुटक झालं. आईने साखरपाणी दिलं, वीस मिनिटांत ठीक झाले. ते म्हणतात, उकाड्याने झालं. आता आषाढीला निर्जळी आणि श्रावणातले सगळे सोमवार करायचे म्हणतायत. मी त्यांना कमी सोडियमचं मीठ ऑनलाइन मागवून दिलंय आणि उपासाला शहाळं प्यायला सांगते. उपास बंदच करायला सांगू का? इथून मी काय करू?»

नमस्कार. मुलीला सगळं सांगत जा, असं बाबांनी मागच्या भेटीत स्वतःच सांगितलं आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पत्र इथे छापायलाही त्यांची हरकत नाही. बाकी वाचकांनी मात्र यातले डोस उचलू नयेत. हे एका माणसाची फाइल समोर ठेवून लिहिलं आहे.

पहिलं काम, ते कमी सोडियमचं मीठ आजच स्वयंपाकघरातून बाहेर काढायला आईंना सांगा. कारण पुढे येईलच.

आता घामाबद्दल. तो उकाड्याचा नव्हता, शुगर खाली गेली होती. त्या वेळी कुणी मोजली नाही, त्यामुळे शंभर टक्के खात्री देता येत नाही. पण दरदरून घाम, तुटक बोलणं आणि साखरपाण्यावर वीस मिनिटांत आलेली हुशारी या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. बाबांच्या सकाळच्या शुगरच्या गोळीची पट्टी पाहिलीत तर तिच्यावर दोन नावं दिसतील: ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम. यातलं मेटफॉर्मिन एकटं असताना सहसा शुगर धोकादायक खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, आणि तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा अंमल रात्रीपर्यंत टिकतो. बाबांचं क्रिएटिनिन 1.4 आहे, म्हणजे किडनी थोडी मंद चालते, त्यामुळे तो आणखी रेंगाळतो. दुपारी खिचडी खाल्ल्यावर शुगर चढली असणार, तेव्हा काही जाणवलं नाही. साबुदाणा निव्वळ पिष्ट, त्यामुळे ती जितकी भरकन चढली तितकीच लवकर उतरली. चंद्रोदयाला अजून दोन-अडीच तास होते, पोट रिकामं होतं आणि गोळीचा अंमल चालूच होता.

यात एक फसवी गोष्ट आहे. शुगर उतरली की एरवी छातीत धडधडतं, हात थरथरतात. बाबा मेटोप्रोलॉल घेतात, ते या दोन्ही खुणा झाकून टाकतं. घाम तेवढा झाकला जात नाही. त्यामुळे बाबांच्या बाबतीत अचानक फुटलेला घाम हीच पहिली आणि बहुधा एकमेव सूचना. घाम आला की आधी बोटाला सुई, मग बाकी चर्चा. आकडा 70 च्या खाली असेल तर चहाचे 3 भरलेले चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून 70 च्या खालीच असेल तर तेवढीच साखर परत. पेढा किंवा लाडू देऊ नये, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आकडा वर आल्यावर चंद्राची वाट न बघता जेवायचं, कारण गोळी अंगात आहे तोवर शुगर पुन्हा घसरू शकते. त्या रात्री झोपण्याआधी आणि पहाटे तीनच्या सुमारास एकदा मोजून घ्यावं. बोलताना जीभ अडखळत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नये, थेट 108 ला फोन करावा.

आणि घाम आहे पण शुगर चांगली 120-130 आहे, जोडीला छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, धाप यातलं काहीही आहे, तर तो हृदयाचा घाम समजायचा. तेव्हाही 108. रिक्षा नको, "थोडा वेळ पडून राहतो"ही नको.

आता गोळ्यांचं. बाबा जे करतायत ते नेमकं उलटं आहे. उपासाच्या दिवशी जी एक गोळी थांबवायला हवी ती ते घेतात आणि ज्या दोन कधीच चुकवू नयेत त्या सोडतात.

त्या दोन म्हणजे ॲस्पिरिन 75 आणि टिकॅग्रेलॉर 90. ॲटॅकनंतर घातलेल्या स्टेंटला या दोन्ही गोळ्यांची जोडी साधारण 12 महिने लागते. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायला महिने जातात, आणि तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरायला फार वेळ लागत नाही. अशी गुठळी धरली की ती नळी अर्धवट नाही, बहुधा पूर्णच बंद होते. बाबांचा स्टेंट हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत आहे, आणि हृदयाची ताकद आधीच 40 टक्क्यांवर आलेली आहे. दुसरा धक्का सोसायला फारशी शिल्लक नाही. टिकॅग्रेलॉर दिवसातून दोनदा द्यावी लागते ती तिचा जोर काही तासांत ओसरायला लागतो म्हणूनच. सकाळचा डोस सोडला तर दोन डोसांमध्ये 24 तासांची फट पडते. महिन्यात एक संकष्टी आणि दोन एकादश्या, म्हणजे आठ महिन्यांत ही फट किती वेळा पडली ते तुम्हीच मोजा. आजवर काही झालं नाही, हे नशीब. झालेल्या चुकीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत, पुढचा डोस ठरल्या वेळी घ्यावा.

रिकाम्या पोटाची भीती अगदीच बिनबुडाची नाही, ॲस्पिरिन पोटाला लागू शकतं. त्यासाठीच सकाळी उठल्या उठल्या पँटोप्राझॉल 40 दिलेली आहे. टिकॅग्रेलॉर जेवणाशिवाय घेतली तरी चालते. आणि उपासाला दूध चालतंच, तेव्हा अर्ध्या तासाने कपभर दूध पिऊन या दोन्ही गोळ्या घ्याव्यात. काळी, डांबरासारखी शौच झाली किंवा उलटीतून रक्त आलं तर मात्र पोट खरंच दुखावलंय असं समजून लगेच कळवायचं. तेव्हाही गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

औषधाने व्रत मोडतं का, हा प्रश्न बाबांच्या मनात असणारच, आणि त्यावर माझ्या शब्दाला किती वजन असेल याची शंका आहे. म्हणून त्यांना महाभारताच्या उद्योगपर्वातला श्लोक दाखवा. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी त्यात मोजल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध ही त्यात आहेत, गुरूचं वचन आहे आणि शेवटची गोष्ट औषध. निर्जळीचा आग्रह सोडायलाही हाच श्लोक उपयोगी पडेल, पाणी त्यात अगदी पहिलं आहे.

मेटोप्रोलॉलही उपासाला सोडायची नाही. ती एकाएकी थांबवली तर नाडी आणि बीपी उसळी मारतात, आणि तेच आपल्याला नको आहे. रात्रीची ॲटोर्व्हास्टॅटिन जेवणावर अवलंबून नाही, ती नेहमीसारखी.

थांबवायचं ते फक्त ग्लिमेपिराइड. अडचण अशी की ते मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत आहे, म्हणून मी नुसत्या मेटफॉर्मिन 500 ची वेगळी चिठ्ठी देतो. उपासाच्या दिवशी सकाळची जोडगोळी नाही, त्याऐवजी दुपारच्या फराळाबरोबर साधी मेटफॉर्मिन. रात्रीची मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणाबरोबर. त्या दिवशी शुगर 200-220 पर्यंत गेली तर आईंनी घाबरू नये. एक दिवस 220 परवडते, 50 परवडत नाही.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल तुम्ही इंटरनेटवर वाचून विचाराल, म्हणून आत्ताच लिहितो. पोट पूर्ण रिकामं असताना ही गोळी घेतली तर रक्तात कीटोन साचू शकतात, आणि तेव्हा शुगर फार वाढलेली दिसतही नाही. मळमळ, पोटदुखी, खोल धाप या तिच्या खुणा. पण बाबांना ती शुगरपेक्षा हृदयासाठी दिली आहे आणि महिन्यातून तीन-चारदा चुकवावी असं मला वाटत नाही. म्हणून फराळ नीट होत असेल तर दुपारी खाल्ल्यावर घ्यायची. उलट्या होत असतील किंवा काही पोटात जात नसेल तर नाही घ्यायची आणि फोन करायचा.

आता मीठ आणि शहाळं. त्या मिठात सोडियम कमी केलेलं असतं ते काही भाग पोटॅशियम क्लोराइड घालून. निरोगी माणसाला त्याचा फायदा होतो. बाबा टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन घेतात. दोन्ही गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात, आणि मंद किडनी ते बाहेर टाकायला आधीच कमी पडते. मागच्या तपासणीत त्यांचं पोटॅशियम 4.9 होतं, म्हणजे वरच्या काठावर, आणि तेव्हा हे मीठ घरात आलेलं नव्हतं. त्यात उपासाची थाळी बघा: रताळं, बटाटा, केळं, खजूर, वर शहाळं. हे सगळे पोटॅशियमवाले. एका मध्यम शहाळ्यात साधारण 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एखादा पदार्थ एकट्याने काही करत नाही, पण मिठासकट सगळे एका दिवशी आले तर भारी पडतात. वाईट म्हणजे पोटॅशियम 6 पर्यंत चढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. फार तर पायांत शक्ती नाहीशी वाटते, नाडी मंद होते, आणि मग हृदयाचा ताल एकदम बिघडतो. म्हणून दोन दिवसांत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करून घ्या. 5.5 च्या वर आलं तर त्याच दिवशी मला फोन. 6 किंवा जास्त असेल तर फोनची वाट न बघता तातडीच्या विभागात न्यायचं.

शहाळं बंद. उपासाला रताळं, बटाटा, केळं यांपैकी एकच काहीतरी, तेही वाटीभर. बटाटा सोलून, फोडी करून, भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, त्यात बरंचसं पोटॅशियम निघून जातं.

मग मीठ कोणतं? साधंच, पण मोजून. सगळ्या दिवसाचं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आईंनी सकाळी बाबांच्या वाटणीचं तेवढं एका डबीत काढून ठेवावं आणि त्यांच्या जेवणात त्यातूनच घालावं. सैंधवाला उपासाचा मान असला तरी ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच, तेव्हा तेही याच डबीतून वजा. उपासाचा चिवडा, बटाट्याचे वेफर, साबुदाण्याचे पापड, लिंबाचं लोणचं यांत ही डबी कधी संपते ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी पावलं सुजतात आणि दोष गोळ्यांना जातो.

साबुदाण्याला माझी बंदी नाही, त्याच्या ढिगाला आहे. कोरडा साबुदाणा पाव वाटी भिजवला तर एका माणसाची छोटी बशी होते, ती पुरे. एरवी वरईचा भात, वर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही, हे जास्त बरं. दाण्यांमुळे आणि दह्यामुळे शुगर सावकाश चढते आणि सावकाश उतरते. राजगिऱ्याचं थालीपीठ लाल भोपळा किसून केलं तर तेही छान. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही.

येत्या संकष्टीचा दिवस आता वेळेप्रमाणे लिहितो, हा भाग आईंना जसाच्या तसा वाचून दाखवा. सकाळी सातला लघवीला जाऊन आल्यावर वजन, मग शुगर. आदल्या दिवशीच्या गोळीचा थोडा अंमल सकाळीही असू शकतो, म्हणून मोजायची. पँटोप्राझॉल पाण्याबरोबर. साडेसातला दूध, आणि ॲस्पिरिन, टिकॅग्रेलॉर, मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, टॉर्सेमाइड. बीपीचा वरचा आकडा 100 च्या खाली असेल किंवा उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड बाजूला ठेवून मला फोन. साडेबाराला वरईचा भात आणि आमटी, बरोबर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. पाचला राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. हे चुकवायचं नाही, गेल्या वेळी नेमकी इथेच फट पडली होती. साडेसहाला शुगर: 100 च्या खाली असेल तर चंद्रोदयापर्यंत थांबायचं नाही, लगेच फराळ. साडेसातला टिकॅग्रेलॉरचा दुसरा डोस, चंद्र उगवलेला असो वा नसो. चंद्रोदयानंतर वरण-भात, भाजी, एक उकडीचा मोदक आणि मेटफॉर्मिन. झोपताना ॲटोर्व्हास्टॅटिन. पाणी, दूध, ताक सगळं मिळून दिवसभरात दीड लिटर, नेहमीएवढंच. उपास म्हणून कमी नाही आणि पोट भरावं म्हणून जास्तही नाही. तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढलं तर अंगात पाणी साचतंय, मला कळवा.

एकादशीलाही हेच. फक्त रात्री वरण-भाताऐवजी पुन्हा फराळ, आणि ग्लिमेपिराइडची जोडगोळी द्वादशीला सकाळी पारण्याच्या पानावर बसल्यावर, जेवण समोर आल्यावरच.

आषाढीच्या निर्जळीला माझा साफ नकार आहे. टॉर्सेमाइड आणि डापाग्लिफ्लोझिन शरीरातलं पाणी बाहेर काढत राहणार, टेल्मिसार्टन किडनीतला दाब उतरवणार आणि वरून पाणी येणार नाही. अशा एका दिवसात क्रिएटिनिन 1.4 वरून 2 च्या पलीकडे गेलेलं बघायला मिळतं. गोळ्या थांबवून निर्जळी करू म्हणाल, तर फुप्फुसांत पाणी साचायची भीती. फराळाची आषाढी करा. श्रावणी सोमवार या वर्षी नकोत. संकष्टी, एकादश्या आणि वर चार सोमवार म्हणजे एका महिन्यात सात दिवस औषधांची घडी बदलायची, आणि तेही स्टेंटचं वर्ष पुरं होण्याआधी. पुढच्या श्रावणाचं तेव्हाच्या तपासण्या बघून ठरवू. उपास पूर्ण बंद करायला सांगू नका. तुम्ही बंद करायला लावलेत तर ते तुम्हाला न सांगता करतील, आणि मग गोळ्यांचं काय केलं तेही सांगणार नाहीत.

तुम्ही तिथून करायचं ते एवढंच. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार कप्पे असलेला आठवड्याचा गोळ्यांचा डबा पाठवा, आई रविवारी भरतील. ग्लिमेपिराइडची पट्टी त्या डब्यात नको, ती ग्लुकोमीटरच्या पाऊचमध्ये, म्हणजे मोजल्याशिवाय हाताला लागणार नाही. संकष्टीला पुण्यात साडेसहा वाजतात तेव्हा सध्या तुमच्याकडे दुपारचे तीन असतात. त्या वेळी व्हिडिओ कॉल लावा आणि मीटरचा आकडा कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. बाकी चौकशी आकडा बघून झाल्यावर. केमिस्टने कंपनी बदलून दिली की पट्टीच्या मागचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दिसेल असा फोटो मला पाठवा. एकच औषध दोन नावांनी घरात आलं की दोन्ही घेतली जातात, आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

पोटॅशियमचा रिपोर्ट आला की तोही. नुसत्या मेटफॉर्मिनची चिठ्ठी आज संध्याकाळी ओपीडीच्या खिडकीवर ठेवतो, आईंना घेऊन जायला सांगा.